चक्कर नव्हे, फिट

सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीतल्या चहाच्या टपरीसमोर पहाटे साडेपाचला मी कोसळले. सोबतच्या मुलाला मी तेव्हा सहा महिने ओळखत होते. ॲपवर भेट झाली होती, मग कॉफी, सिनेमे, रविवारची मिसळ. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही फोनवर बोलत होतो आणि साडेतीनला मी गजर लावून उठले होते. रात्रीची गोळी घेतली होती, सकाळची नंतर घेऊ म्हणून पिशवीच्या तळाशी ठेवली होती. त्याच्या देखत घ्यायची नव्हती, कारण ती कशाची हे त्याला माहीत नव्हतं.

पुढचं मला आठवत नाही, ऐकलेलं आहे. कुणीतरी कांदा नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. दातखीळ सोडवायची म्हणून त्याने टपरीवरचा चमचा माझ्या दातांत घातला आणि माझा पुढचा दात अर्धा तुटला. फिट दीडदोन मिनिटांत आपोआप थांबली. चमच्याने थांबली नाही, कांद्यानेही नाही. शुद्धीवर आले तेव्हा तो माझ्यापासून दोन हातांवर बसला होता आणि त्याचे हात थरथरत होते.

नंतर तो जे बोलला ते मी विसरलेले नाही. "तुला काही आहे याचं मला काही नाही," तो म्हणाला. "पण वीस मिनिटांपूर्वी तू माझ्या गाडीवर मागे बसली होतीस. तेव्हा झालं असतं तर?"

दोन महिन्यांनी आमचं संपलं. त्याच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकले नव्हते. आज देऊ शकते, आणि हा लेख त्या उत्तरासाठीच आहे. जोडीदार होऊ शकेल अशा माणसाला आपला आजार केव्हा सांगायचा, हा प्रश्न बहुतेक लोक भेटींच्या हिशेबात विचारतात: पहिल्या भेटीत, तिसऱ्या, की साखरपुड्याच्या आधी? मला तो हिशेबच चुकीचा वाटतो. निदान अपस्मारात तरी वेळ भेटींच्या संख्येवर ठरत नाही, भेटीत काय करायचं ठरलं आहे त्यावर ठरते.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. एखाद्या वेळी पुष्कळ पेशी एकदम, एका लयीत संदेश सोडू लागल्या की फिट येते. अशा फिट्स कारण नसताना पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि योग्य औषध नियमित मिळालं तर त्यातल्या साधारण ७० टक्के लोकांच्या फिट्स थांबू शकतात. म्हणजे तुमच्या ओळखीत असा माणूस असण्याचा आणि तुम्हाला ते माहीत नसण्याचा संभव बराच मोठा आहे.

माझा प्रकार किशोरवयात सुरू होणारा. झोपेतून उठल्यावर पहिल्या तासाभरात हातांना झटके बसतात. दहावीच्या वर्षी सकाळी माझ्या हातून चहाचा कप उडायचा आणि आई म्हणायची, लक्ष कुठंय तुझं? परीक्षेच्या आठवड्यात रोज तीनचार तास झोपून अभ्यास केला आणि एका सकाळी मोठी फिट आली. झटके आणि फिट यांचा संबंध आहे हे डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं तेव्हा कळलं. आपण होऊन कपाबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून हा प्रकार ओळखायला अनेकदा उशीर होतो. या प्रकारात गोळ्यांनी फिट्स छान आटोक्यात राहतात, पण गोळी बंद केली की बहुतेकांना पुन्हा येतात, त्यामुळे ती पुष्कळ वर्षं, अनेकदा आयुष्यभर, घ्यावी लागते. आणि दोन गोष्टी हमखास फिट ओढवून आणतात: चुकलेली गोळी आणि बुडालेली झोप.

आता आतकरवाडीची ती पहाट पुन्हा बघा. दीड तासाची झोप, राहिलेली गोळी, उठल्यानंतरचा दुसरा तास. अनोळखी माणसाला यात दुर्दैव दिसेल. यातली एकही गोष्ट दैवाची नव्हती. माझ्या लपवण्यातूनच ती फिट आली होती. खरं सांगितलं असतं तर "मला रात्री अकराला झोपायला हवं" असं म्हणता आलं असतं आणि गोळी चहाबरोबर सगळ्यांदेखत घेता आली असती.

हे माझं एकटीचं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या डॉक्टरांनी लग्नाआधीपासून अपस्मार असलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींनी लग्न ठरताना आजार लपवला होता. लपवलेल्यांच्या गोळ्या अनियमित झाल्या होत्या. सासरी गोळी कशाची म्हणून सांगायची, डॉक्टरकडे जायचं निमित्त काय काढायचं? मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांची गोळी बांगड्यांच्या डब्यात असते आणि घरात पाहुणे असले की त्या दिवशी राहते. इतर काही आजार लपवले तर फक्त मनावर ओझं राहतं. हा लपवला तर हाच वाढतो.

म्हणून केव्हा सांगायचं याचं माझं उत्तर असं आहे. ज्या बेतात तुमची फिट दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकते, त्या बेताच्या आधी. दुपारी चारला हॉटेलात बसून दोन तास गप्पा मारायच्या असतील आणि तुम्हाला दोन वर्षांत फिट आलेली नसेल, तर त्या माणसाला तुमच्या मेंदूचा इतिहास माहीत असण्याची गरज नाही. तो तुमचा खाजगी विषय आहे आणि पहिल्या भेटीत तो न सांगणं ही लबाडी नाही. पण गाडीवर मागे बसून लांब जायचं असेल, तारकर्लीला पाण्यात उतरायचं असेल, पहाटेचा ट्रेक असेल, रात्रभराचा प्रवास असेल, तर त्या क्षणी तुमचा जीव काही प्रमाणात त्याच्या हातात जातो आणि हे त्याला ठाऊक नसतं. चमचा दातांत घालणारा तो मुलगा वाईट नव्हता. काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगणारी एकच व्यक्ती होती.

फिट्स किती वेळा येतात त्यावर ही रेषा पुढेमागे सरकते. महिन्यातून एकदोनदा येत असतील तर हॉटेलातली दुपारसुद्धा जोखमीची असते. अशा वेळी भेटण्याआधी फोनवर किंवा संदेशातच सांगावं. माझ्या ओळखीचा एक जण हे संदेशातच सांगतो आणि त्याचं कारण मला पटलं: समोरच्याला चेहरा सांभाळावा लागत नाही, आणि ज्याला नको असेल तो भेटायलाच येत नाही, त्यामुळे हॉटेलच्या टेबलावरून कुणी उठून जाताना बघायची वेळ येत नाही. ज्यांच्या फिट्स आटोक्यात आहेत त्यांना मी मात्र समोरासमोर सांगा म्हणेन. प्रश्न त्याच जागी विचारले जातात आणि तुम्ही धडधाकट समोर बसलेल्या असता, हे कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त समजावतं.

दुसरी रेषा वेगळ्या प्रकारची. समोरचा माणूस तुम्हाला धरून पुढचे निर्णय घेऊ लागला, बदली नाकारू लागला, घर बघू लागला, घरच्यांशी बोलतो म्हणाला, की त्याच्या आधी त्याला कळायला हवं. ठरवून पाहण्याच्या कार्यक्रमात ही रेषा फार लवकर येते. ॲपवरच्या ओळखीला सहा महिने मिळतात, कांदेपोह्यांच्या ओळखीला कधीकधी दोन रविवार. तिथे मी दुसरी भेट म्हणेन, आणि तीही मुलामुलीने एकट्याने बोलण्याची. पहिल्या भेटीत सगळी मंडळी बसलेली असताना सांगितलं तर तो विषय आत्या, मावशी आणि मध्यस्थ यांचा होतो, आणि ज्यांना एकत्र राहायचं आहे त्या दोघांना तोंड उघडायला जागा उरत नाही. आईवडिलांनी आईवडिलांना सांगणं पुरेसं नाही, हेही लक्षात ठेवावं. वाटेत शब्द बदलतात.

शब्दांचं बोलायलाच हवं. आमच्या घरात त्या फिटला "चक्कर" म्हणत. सांगलीत शेजारीपाजारी विचारलं की आई सांगायची, अशक्तपणा आहे, चक्कर येते. तिचा हेतू मायेचा होता. पण चक्कर आलेल्या माणसाला लोक पाणी पाजतात, आणि फिट चालू असताना तोंडात पाणी गेलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. शिवाय "चक्कर" हे अर्धसत्य पुढे पूर्ण खोट्याहून महाग पडतं. पूर्ण लपवलं तर म्हणता येतं की सांगायची हिंमत झाली नाही. अर्धं सांगितलं तर सांगायची वेळ आली होती आणि तेव्हा शब्द निवडून फसवलं, असं समोरच्याला वाटतं. "फेफरं" आणि "मिरगी" या शब्दांना इतक्या वर्षांची भीती आणि शिवी चिकटली आहे की ते वापरले की समोरच्याला आपण सोडून दुसरंच काही दिसू लागतं. "आकडी" शब्द लहान मुलांच्या तापातल्या झटक्यांसाठीही वापरतात, म्हणून गोंधळ होतो. "अपस्मार" बरोबर आहे, पण अनेकांना कळत नाही. मी "मला फिट येते" असं म्हणते आणि मागोमाग, "त्याला अपस्मार म्हणतात." साधा शब्द आधी, बरोबर शब्द नंतर.

सिंहगडानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा कुणालातरी भेटू लागले. तो सांगलीकडचाच, पुण्यात नोकरीला. चौथ्या भेटीत तो म्हणाला, पुढच्या शनिवारी रात्री निघून दिवेआगरला जाऊ, चारपाच जण आहेत. रात्रीचा प्रवास आणि समुद्र. मी त्याला म्हटलं, त्याआधी मला तुझ्याशी अर्धा तास बोलायचं आहे. रविवारी सकाळी अकराला आम्ही एका बागेतल्या बाकावर बसलो. वेळ आणि जागा मी ठरवून निवडली होती. माझी झोप झालेली होती, आजूबाजूला फार कुणी नव्हतं आणि दोघांनाही हवं तेव्हा उठून जाता येत होतं. हॉटेलात बिल येईपर्यंत माणूस अडकतो, गाडीत तर पूर्णच अडकतो.

काय बोलायचं ते मी आधी मैत्रिणीसमोर मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. पहिल्या वेळी मी तिला सगळ्या गोळ्यांची नावं सांगितली, मेंदूचा आलेख समजावला आणि शेवटी रडले. ती म्हणाली, तू मला आजार सांगत नाहीयेस, माफी मागते आहेस. तिने माझं बोलणं निम्म्याहून कमी केलं. बाकावर मी जे बोलले ते जवळपास असं होतं:

"मला फिट येते. त्याला अपस्मार म्हणतात. पंधराव्या वर्षापासून आहे. शेवटची दोन वर्षांपूर्वी आली, तेव्हा माझी झोप झाली नव्हती आणि गोळी राहिली होती. रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊला गोळी घेते, ती बहुधा कायम घ्यावी लागेल. फिट आली तर मी पडते, अंग ताठ होतं, मग हातपाय झटकतात, तोंडातून फेस येऊ शकतो, कपड्यांत लघवी होऊ शकते. एकदोन मिनिटांत थांबतं. मग मी अर्धा तास गोंधळलेली असते आणि झोपते. तुला एवढंच करायचं: घड्याळ बघायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ घालायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही, हात धरून ठेवायचे नाहीत. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर दवाखान्यात न्यायचं. मी रात्रीचा प्रवास टाळते आणि समुद्रात एकटी उतरत नाही. म्हणून शनिवारच्या आधी सांगितलं."

हे म्हणायला दोन मिनिटंही लागत नाहीत. लघवीचा उल्लेख गाळावा असं मला फार वाटलं होतं. पण पहिल्यांदा फिट पाहणारा माणूस त्यानेच सर्वांत जास्त हबकतो, आणि आधी ऐकलेलं असलं की हबकत नाही, म्हणून मी तो ठेवला. "काळजी करू नकोस, काही नसतं" हे वाक्य मात्र मुद्दाम काढलं. त्याला काळजी वाटणार होती आणि ती वाटण्याचा त्याला हक्क होता.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आता इथे येऊ शकते का?" मी म्हटलं, शक्यता फार कमी आहे, पण हो. तो म्हणाला, "मला विचार करायला वेळ लागेल." दिवेआगरला आम्ही गेलो नाही. नऊ दिवस त्याचा फोन आला नाही, आणि मी तो तोडल्याचं धरून चालले होते. इथे मी चूक करत होते. पहिल्या दहा मिनिटांतल्या चेहऱ्यावरून माणसाचा निकाल लावू नये. आपल्याला या गोष्टीची वर्षानुवर्षांची सवय असते, त्याने ती नुकतीच ऐकलेली असते. एकदा शांतपणे सांगावं, मग मागे लागू नये. दहाव्या दिवशी तो कागदावर प्रश्न लिहून घेऊन आला.

पहिला प्रश्न होता मुलांना होईल का. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं उत्तर तयार असायला हवं. ढोबळमानाने, सर्वसाधारण लोकांत शंभरातल्या एकदोन मुलांना अपस्मार होतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात सुमारे पाच मुलांना. म्हणजे पंच्याण्णव मुलांना होत नाही. नेमका आकडा प्रकारावर अवलंबून असतो, तो आपल्या डॉक्टरांकडून घ्यावा.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा, बाळंतपणात त्या चालतील का? यात स्त्रियांनी स्वतः आधी शहाणं व्हायला हवं, सांगणं तर नंतरचं. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध माझ्या प्रकारात फार चांगलं काम करतं, पण गरोदरपणात घेतल्यास शंभरातल्या सुमारे दहा बाळांना जन्मजात व्यंग येतं आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होऊ शकतो. माझं औषध डॉक्टरांनी वयाच्या विसाव्या वर्षी बदलून लेव्हेटिरासिटाम केलं, त्याची जोखीम खूप कमी आहे. मात्र हे औषध काहींना चिडचिडं करतं, मलाही करतं, आणि त्याला मी तेही सांगितलं. गर्भधारणेच्या काही महिने आधीपासून फॉलिक ॲसिड घ्यावं लागतं. हे सगळं आधी ठरवून करायचं असतं. ज्या घरात आजारच लपवलेला आहे तिथे ते कसं ठरवणार? दिवस गेल्यावर घाबरून स्वतःच गोळ्या बंद करणं तर सर्वांत धोक्याचं, कारण त्या काळातली मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकते.

तिसरा प्रश्न होता, गाडी चालवतेस का? नाही. वाहनपरवान्याच्या अर्जासोबत जे स्वयंघोषणापत्र भरावं लागतं त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का असं सरळ विचारलेलं असतं, आणि मी तिथे खोटं लिहिलेलं नाही. पुण्यासारख्या शहरात दुचाकी नसणं ही अडचण आहे. ती त्याची अडचणही होणार होती, म्हणून मी ती लहान करून सांगितली नाही.

मग मी त्याला माझ्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमकडे घेऊन गेले. हे शक्य असेल त्या प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. तिथे तो माझ्यासमोर विचारू न शकलेलं एक वाक्य बोलला: "मॅडम, हे मानसिक आहे का?" त्यांनी माझा मेंदूचा आलेख काढून दाखवला आणि शांतपणे समजावलं. मी हजार वेळा सांगून जे झालं नसतं ते पंधरा मिनिटांत झालं.

आणि मग एक अडचण आली, जी मी अनेक जोड्यांमध्ये पाहिली आहे. तो म्हणाला, "मला चालेल. पण आईबाबांना सांगायला नको." यात प्रेम होतं, धास्ती होती. पण हा होकार अर्धा आहे. तो स्वीकारला की लपवण्याचं काम फक्त एकाऐवजी दोघांचं होतं आणि गोळी पुन्हा बांगड्यांच्या डब्यात जाते. वेगळं बिऱ्हाड असलं तरी सण असतात, आजारपण असतं, बाळंतपण असतं. मी त्याला सांगितलं की गल्लीला सांगायची गरज नाही, लांबच्या नातेवाइकांना नाही, पण ज्या घरात मी रात्री झोपणार त्या घरातल्या मोठ्या माणसांना माहीत हवं. सांगण्याचं काम त्याने करायचं, मी तिथे असायचं. पंधरा दिवस तो टाळत राहिला. त्या पंधरा दिवसांत मी लग्नाबद्दल एक शब्द बोलले नाही. शेवटी त्याने सांगितलं. त्याचे वडील गप्प झाले. काकूंनी मला विचारलं, "उपास करतेस का तू? उपाशी राहिलं की होतं का?" त्यांच्या मनात पुढच्या वर्षाची हरितालिका होती.

इथे कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण अनेक घरांत त्याची चुकीची भीती आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र अशी अट घातली गेली होती. १९९९ मध्ये संसदेने ती काढून टाकली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपस्मार हा असाध्य आजार नाही, मानसिक विकारही नाही आणि त्याच्या आधारावर घटस्फोट मागता येत नाही असं म्हटलं. म्हणजे आजार असणं हा दोष नाही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये फसवणुकीने, महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करून मागण्याची तरतूद आहे, आणि तो दावा फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. अशा दाव्यात कोण जिंकेल हे त्या त्या प्रकरणाच्या तपशिलावर ठरतं. जिंकलात तरी दोन वर्षं न्यायालयाच्या पायऱ्यांवर "हिला फेफरं येतं" हे ऐकत काढावी लागतात. ठरवून होणाऱ्या लग्नात म्हणून मी म्हणते, साखरपुड्याआधी मुलाला किंवा मुलीला स्वतः सांगा, आणि नंतर एक साधा संदेश पाठवा: "आज आपण माझ्या अपस्माराबद्दल बोललो, डॉक्टरांचा कागद सोबत पाठवते आहे." तो संदेश दोघांच्याही फोनवर राहतो.

नकाराबद्दलही बोलायला हवं. मधल्या काळात एका स्थळाने ऐकल्यावर दोन दिवसांत नाही म्हणून कळवलं. मला राग आला, वाईट वाटलं, आणि तरी ते सिंहगडापेक्षा पुष्कळ सोपं होतं. त्रास नकाराने झाला नाही, तो पुढच्या आठवड्यात झाला, जेव्हा त्या घराकडून ही गोष्ट आमच्या ओळखीच्या तिसऱ्या घरात पोचली. सांगितलेलं परत घेता येत नाही. म्हणून ज्याच्यात काही पुढे जाण्यासारखं दिसत नाही त्याला सांगायची घाई करू नये, आणि सांगताना स्पष्ट म्हणावं, "हे तुझ्याजवळ ठेव." सगळे ठेवतील असं नाही. पुरुषांनाही हे चुकत नाही. नोकरीत गाडी चालवावी लागणारी मुलं तर घरात, कामावर आणि स्थळाकडे अशी तीन ठिकाणी लपवतात. पण बाजारभाव मुलींचाच जास्त पडतो, हे मी पाहिलेलं आहे.

आमचं लग्न ठरलं तेव्हा काकूंनी भटजींना मुहूर्त दुपारचा काढायला सांगितला. हळदीची रात्र दहाला संपवायची असं ठरलं. लग्नघरात फिट यायला सगळी तयारी असते: दोन रात्रींचं जागरण, विधी होईपर्यंत उपाशी पोट, आणि गोळीच्या वेळेला नेमकं अंतरपाटासमोर उभं असणं. उपास मी चहा, दूध, केळी यांवर केला. सकाळी नऊची गोळी मी मेंदीच्या हातांनी घेऊ शकत नव्हते, ती पाठराखीण म्हणून आलेल्या माझ्या मावसबहिणीने माझ्या तोंडात घातली आणि ग्लास धरला. रात्री नऊची त्याने काढून दिली. समोर त्याचे तीन मामा बसले होते. एकाने विचारलं, कसली गोळी? तो म्हणाला, "फिटची. रोज घेते." मामा म्हणाले, "बरं," आणि जिलबीचं ताट पुढे सरकवलं.